nnn, टिंबं आणि ‘नाही’: पाणी सर्वेक्षणातली मोकळी उत्तरं साफ करताना ठेवलेल्या नोंदी

आमच्या छोट्या संस्थेने मराठवाड्यातल्या एका तालुक्यातल्या १९ गावांत घरोघरी पाण्याचं सर्वेक्षण केलं. १,४१२ घरं, नऊ सर्वेक्षक, ३ ते २२ फेब्रुवारी २०२५. बहुतेक माहिती मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरली गेली. दोन गावांत रेंज नव्हती, तिथली १४६ घरं कागदी नोंदवहीत लिहून नंतर टाइप करून घेतली. फॉर्ममध्ये तीन मोकळे प्रश्न होते. प्र. २१: घरच्या पाण्याबाबत सर्वांत मोठी अडचण कोणती? प्र. २२: त्यावर ग्रामपंचायतीने काय करावं? प्र. २३: आणखी काही सांगायचं आहे का? या उत्तरांतल्या थीम मोजून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. मोजण्याआधी भरताड उत्तरं बाजूला काढायला दोन दिवस धरले होते, लागले सतरा. हेच काम दुसरं कुणी करणार असेल तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून या नोंदी. जास्त भर प्र. २१ वर आहे, कारण अहवाल त्याच्यावरच उभा होता.

३ मार्च, सोमवार

फाइल उघडली आणि कशालाही हात न लावता प्र. २१ ची उत्तरं जशीच्या तशी, किती वेळा आली त्या क्रमाने लावून पाहिली. सगळ्यात वर ‘पाणी येत नाही’ असेल असं वाटलं होतं. सगळ्यात वर होतं `nnn`, ११८ वेळा. त्याखाली नुसतं ‘नाही’, ६४ वेळा. मग `...`, `n`, `-`, `nnnn`.

रिकाम्या जागा मोजल्या, ९७ निघाल्या. हा आकडा खटकला. मोबाइल फॉर्ममध्ये हा प्रश्न सक्तीचा होता, उत्तर न भरता पुढे जाताच येत नव्हतं. म्हणजे रिकाम्या जागा फक्त कागदी १४६ मध्येच असू शकतात. गाळून पाहिलं तर कागदी नोंदींत ३८ निघाल्या. उरलेल्या ५९ आल्या कुठून?

मूळ सीएसव्ही साध्या नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा उलगडा झाला. त्या ५९ जागी `NA` (५२) आणि `N/A` (७) लिहिलेलं होतं. फाइल वाचायला वापरलेली पायथनची पांडाज लायब्ररी वाचतानाच `NA`, `N/A`, `null` असे शब्द ‘माहिती नाही’ समजून पुसून टाकते, आणि तसं सांगतही नाही. लहान अक्षरातलं `na` मात्र त्या यादीत नाही, ते तसंच राहतं. म्हणून माझ्या यादीत चार `na` दिसत होते आणि मोठ्या अक्षरातले गायब होते.

```python
df = pd.read_csv("pani.csv", dtype=str, keep_default_na=False)
```

ही ओळ पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती. कुणीच काही न लिहिणं आणि कुणीतरी बोटाने `NA` टाइप करणं या दोन वेगळ्या घटना आहेत. साफसफाई सुरू होण्याआधीच त्या एकमेकींत मिसळल्या तर पुढे वेगळ्या करता येत नाहीत.

४ मार्च

आजचा दिवस वाया गेला. सकाळी घाईत नेहमीची भरताड उत्तरं एका यादीत लिहिली आणि ज्या उत्तरात त्यातलं काही सापडेल त्यावर खूण करायला सांगितलं:

```python
yadi = ["nnn", "na", "nahi", "नाही", "."]
df["bhartad"] = df["q21"].str.contains("|".join(yadi))
```

रिकाम्या ३८ सोडून सगळ्या ओळींवर खूण झाली. पॅटर्नमध्ये नुसतं टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’, हे विसरले होते. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली आणि पुन्हा चालवलं. आता ७३४ ओळींवर खूण आली. आकडा पटण्यासारखा नव्हता, म्हणून त्यातल्या ४० ओळी सरमिसळ काढून वाचल्या. ४० पैकी २६ खऱ्याखुऱ्या तक्रारी होत्या. ‘चार दिवस झाले पाणी नाही.’ ‘nal aahe pan pani nahi’. ‘टाकी बांधली, पाणी चढत नाही’.

पाण्याच्या तक्रारीत ‘नाही’ येणारच. आपल्याकडे अडचण सांगायची वाक्यंच तशी असतात: येत नाही, पुरत नाही, चढत नाही. भरताड म्हणून ‘नाही’ शोधायला गेलं तर सगळ्यात मोठी तक्रारच उचलून बाहेर टाकली जाते. काम संपल्यावर मुद्दाम मोजून पाहिलं. ‘अनियमित किंवा न येणारं पाणी’ या थीमची ४१२ उत्तरं होती, त्यांतल्या २३७ मध्ये ‘नाही’ होतं. आज वाचून न बघता पुढे गेले असते तर अहवालात ४१२ ऐवजी १७५ लागले असते, आणि आकडा नीटनेटका दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही आली नसती.

नियम बदलला. शब्द उत्तरात कुठेतरी असून चालणार नाही, पूर्ण उत्तर तेवढंच असलं पाहिजे.

६ मार्च

पूर्ण उत्तर जुळवायचं तर `Nahi`, `nahi.`, ` nahi ` ही सगळी एकाच रूपात यायला हवीत. त्यासाठी प्रत्येक उत्तराची एक साफ केलेली प्रत वेगळ्या रकान्यात केली. मूळ रकान्याला हात लावायचा नाही, ही प्रत फक्त जुळवणीसाठी. विरामचिन्हं काढायला इंग्रजी मजकुरावर नेहमी चालणारा नियम लावला: अक्षर, आकडा किंवा रिकामी जागा नसेल ते काढून टाक, `[^\w\s]`.

चालवलं आणि ‘नाही’ची जुळणी शून्य आली. सोमवारी डोळ्यांनी ६४ पाहिले होते. साफ केलेला रकाना उघडला:

पाणी येत नाही → पण यत नह
गढूळ → गढळ
टँकर → टकर
वीज → वज

काने, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, सगळं गेलं होतं. पायथनचं `re` देवनागरीतल्या मात्रांना अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये त्यांचा वर्ग वेगळा आहे, ‘चिन्ह’ या गटातला, आणि `\w` मध्ये तो येत नाही. सगळ्यात धोकादायक होतं ‘पाणी’चं ‘पण’ होणं. थीम मोजण्याच्या माझ्या पुढच्या पायरीत ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ हे जोडशब्द वगळायची यादी होती. पाण्याच्या सर्वेक्षणातून ‘पाणी’ हाच शब्द गळून गेला असता.

दुरुस्ती अशी केली की प्रत्येक अक्षराचा युनिकोड वर्ग पाहायचा. अक्षर (L), चिन्ह (M) आणि अंक (N) ठेवायचे, बाकी सगळ्याच्या जागी मोकळी जागा टाकायची:

```python
import unicodedata as u

def saaf(s):
    out = []
    for c in u.normalize("NFKC", s).lower():
        k = u.category(c)
        if k == "Cf":
            continue
        out.append(c if k[0] in "LMN" else " ")
    return " ".join("".join(out).split())
```

`Cf` ची ओळ तासाभराने घातली. काही कीबोर्ड जोडाक्षरांच्या मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. त्याच्या जागी मोकळी जागा टाकली तर शब्दाचे दोन तुकडे होतात. ते चिन्ह नुसतं वगळायचं.

एक सवय इथे लागली ती शेवटपर्यंत ठेवली: साफसफाईची कुठलीही ओळ लिहिली की मूळ आणि साफ प्रत शेजारी शेजारी ठेवून वीस ओळी मोठ्याने वाचायच्या. ‘पण यत नह’ वाचताना जीभ अडखळतेच.

७ मार्च

साफ प्रतीवर आज तीन नियम बसवले.

पहिला, मूळ उत्तरात काहीतरी आहे पण साफ प्रत रिकामी झाली, म्हणजे नुसती टिंबं, रेघा, दंड. अशी ८७ निघाली. दुसरा, संपूर्ण साफ प्रत म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा: `n`, `nnn`, `nnnn`. अशी १४३. तिसरा, शब्दांची यादी, पूर्ण जुळणी असेल तरच. `N/A` ची साफ प्रत `n a` होते, दोन तुकडे, म्हणून ते यादीत तसंच लिहावं लागलं. पहिल्या वेळी हे सुटलं होतं.

कमीत कमी लांबीचा नियम मात्र लावला नाही. ‘तीन अक्षरांपेक्षा लहान ते भरताड’ असं बरेच जण करतात. मराठीत ‘नळ’ हे संगणकाच्या मोजणीने दोनच अक्षरं आहे. अडचण विचारल्यावर ‘नळ’ म्हणणाऱ्या बाईच्या घरी बहुधा नळजोडणीच नसते. बंद प्रश्नांशी ताडून पाहिलं: ‘नळ’ एवढंच लिहिलेली सहा उत्तरं होती, सहाही घरांत प्र. ७ ला ‘नळजोडणी नाही’. सहाही पक्की उत्तरं.

त्यांतली दोन ‘नळ.’ अशी होती, शेवटी टिंब. ही पूर्णविराम देऊन लिहिणारी माणसं नव्हती. ते टिंब का, हे सोमवारी कळलं.

१० मार्च, सोमवार

भरताड उत्तरं तारखेनुसार लावली आणि चित्रच बदललं. १० फेब्रुवारीपर्यंत `n`, `.`, `NA` दिसतात. ११ फेब्रुवारीपासून `nnn`, `...`, `N/A`. एका रात्रीत सगळ्यांनी एकदम तीन अक्षरं टाइप करायला सुरुवात कशी केली?

फॉर्मच्या जुन्या आवृत्त्या काढल्या. १० तारखेच्या संध्याकाळी आमच्याकडूनच प्र. २१ वर एक अट घातली गेली होती, `string-length(.) >= 3`. पहिल्या आठवड्यात नुसती टिंबं येत आहेत हे पाहून कुणाला तरी वाटलं की किमान तीन अक्षरांची सक्ती केली की लोक नीट लिहितील. त्याने एक `n` चे तीन झाले आणि एका टिंबाची तीन टिंबं झाली, बस्स. ‘नळ’ लिहिणाऱ्याला फॉर्म पुढे जाऊ देईना, म्हणून त्याने मागे टिंब जोडलं. प्र. २३ वर ही अट नव्हती, तिथे शेवटच्या दिवसापर्यंत एकच टिंब आणि एकच `n` आहे. त्याच फोनवरून, त्याच घरासाठी, प्र. २१ ला `nnn` आणि प्र. २३ ला `n`. यापेक्षा सरळ पुरावा नको.

मग सर्वेक्षकनिहाय पाहिलं. १४३ `n` वाल्या उत्तरांपैकी १२७ एकाच फोनवरची. त्या सर्वेक्षक मुलीने तीन गावांतली १६८ घरं केली होती.

मनात आलेला पहिला विचार इथे लिहून ठेवते, कारण तो चुकीचा होता: हिने घरी बसून फॉर्म भरले. पण तिच्या बंद प्रश्नांची उत्तरं घराघरांत वेगवेगळी होती, प्रत्येक फॉर्मला अठरा-वीस मिनिटं लागलेली होती, ठिकाणाचे बिंदू वस्तीवर पसरलेले होते. मोकळे प्रश्न सोडले तर काम चोख होतं. फोनवर विचारण्यापेक्षा जाऊन भेटायचं ठरवलं.

१२ मार्च

एस.टी.ने जाऊन आले, जाऊन-येऊन १८० रुपये. तिच्या घरी ओसरीवर बसलो. मी यादी पुढे ठेवली आणि विचारलं, “अगं, हे nnn काय आहे?”

ती म्हणाली, “ताई, माझ्या फोनवर मराठी टायपिंगच येईना. बाया तर भडाभडा सांगायच्या. मी इंग्रजीत कशी लिहू ते? म्हटलं आता n टाकून पुढं जाऊ, रात्री बसून भरू.”

“मग भरलं का नाहीस?”

“एकदा फॉर्म पाठवला की परत उघडत नव्हता.”

पाठवलेला फॉर्म तिच्या खात्यातून बदलता येत नव्हता, आणि हे प्रशिक्षणात आम्ही सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन गावांतली उत्तरं तशीच गेली. तिसऱ्या गावात ती वही घेऊन गेली होती. आत जाऊन ती वही घेऊन आली. दोनशे पानी, रेघी, मुखपृष्ठावर भावाचं नाव आणि ‘भूगोल’. मागच्या पानांपासून उलट लिहीत आलेली. डाव्या समासात घर क्रमांक, पुढे निळ्या बॉलपेनने उत्तर. घर क्र. ३७ समोर होतं: “हापशाचं पाणी पिवळं. रातच्याला भरावं लागतं. सुनेला कंबरदुखी.” माझ्या फाइलमध्ये घर क्र. ३७ समोर `nnn` होतं.

वहीत ५२ नोंदी होत्या. घर क्रमांक आणि कुटुंबप्रमुखाचं नाव दोन्ही जुळलं अशा ४६ घेतल्या. सहांचा क्रमांक लागेना, त्या सोडल्या. पहिल्या दोन गावांबद्दल ती म्हणाली, “आठवतंय तसं सांगते.” ते घेतलं नाही. महिन्याभरानंतर आठवून सांगितलेलं उत्तर त्या घरातल्या बाईचं राहत नाही. तिच्या दिवसभराच्या वेळेचे ६०० रुपये दिले.

परतताना एसटीत हेच डोक्यात होतं. सोमवारी सकाळी मी ही १४३ उत्तरं ‘लोकांनी उत्तर दिलं नाही’ या खात्यात टाकणार होते. लोकांनी उत्तर दिलं होतं. ते आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

१३ मार्च

४६ उत्तरं मूळ रकान्यात टाकली नाहीत. ‘अंतिम उत्तर’ असा नवा रकाना केला आणि शेजारी ‘उत्तर कुठून आलं’ हा दुसरा: फॉर्म, वही, कागद. उद्या कुणी विचारलं की हे मागाहून का आलं, तर एका गाळणीत दाखवता येईल.

`n` ची भरताड आता ९७ उरली. त्यातली ८१ त्या पहिल्या दोन गावांची, जिथे एकूण घरं १०८. म्हणजे तिथल्या चारांतल्या तीन घरांचा आवाज गेला. ही दोन्ही गावं योजनेच्या पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला आहेत, पाणी तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. गेलेली उत्तरं सगळीकडून सारखी गेलेली नाहीत, जिथे तक्रार जास्त असणार तिथून गेली आहेत. ठरवलं की या दोन गावांचे वेगळे आकडे अहवालात द्यायचे नाहीत, आणि एकूण आकड्याखाली हे कारण स्पष्ट लिहायचं.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवडीची सुट्टी. आज ‘नुसती चिन्हं’ असलेली ८७ उत्तरं हातात घेतली. त्यांतली ३३ एकसारखी विचित्र होती: `-"-`. सगळी कागदी गावांतली.

टाइप करणाऱ्या दादांना फोन केला. ते म्हणाले, “वहीत जे दिसलं ते मारलं, मॅडम.” नोंदवहीचे फोटो उघडले. किराणा दुकानाच्या वहीत किंवा हजेरीपटात वरचंच खाली पुन्हा लिहायचं नसेल तर जी खूण करतात तीच ही. वरच्या घराने ‘हापसा नादुरुस्त’ म्हटलं, खालच्यानेही तेच म्हटलं, सर्वेक्षकाने खूण केली. माझ्या नियमाने ही ३३ उत्तरं कचऱ्यात गेली होती.

भरायला घेतलं आणि पुन्हा चूक केली. वरची ओळ खाली उतरवायची म्हणून सरळ फाइलमधलीच वरची ओळ घेतली. पण फाइल मी पहिल्याच दिवशी गाव आणि घर क्रमांकानुसार लावून ठेवली होती, सर्वेक्षक मात्र गल्लीने फिरला होता. ‘वरचं घर’ म्हणजे वहीतलं वरचं घर. नशिबाने टाइप करताना पान क्रमांक आणि अनुक्रमांकाचा रकाना ठेवलेला होता, त्यावरून पुन्हा लावलं आणि मग उतरवलं. २९ भरली गेली. चार पानाच्या पहिल्याच ओळीवर होती आणि आधीच्या पानाचा फोटो नव्हता, ती भरताडातच राहिली. या २९ च्या शेजारी ‘खुणेवरून’ अशी नोंद केली. शेजाऱ्याचं उत्तर आणि आपलं उत्तर एकच, हे सर्वेक्षकाचं म्हणणं आहे, घरातल्या माणसाचे शब्द नाहीत. तेवढा फरक दिसत राहायला हवा.

प्र. २२ आणि २३ मध्ये ‘वरीलप्रमाणे’ हेही असंच. तिथे वरचं म्हणजे त्याच घराचा आधीचा प्रश्न. ते सोपं होतं.

१७ मार्च

आज नुसत्या ‘नाही’चा निकाल लावला. प्र. २३ ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ याला ‘नाही’ म्हणजे बोलणं संपलं, थीममध्ये मोजायचं काही नाही. प्र. २१ ला ‘सर्वांत मोठी अडचण कोणती?’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणजे अडचण नाही, आणि ते पूर्ण उत्तर आहे. दोन्हींना एकाच यादीने पुसलं तर ज्यांना खरंच पाण्याचा त्रास नाही ती घरं अहवालातून नाहीशी होतात आणि गावोगावी फक्त तक्रारीच उरतात. म्हणून यादी एकच ठेवली, पण तिचा अर्थ प्रश्नानुसार बदलला:

```python
NAKAR = {"नाही", "नाय", "काही नाही", "अडचण नाही",
         "nahi", "no", "none", "निरंक"}
ARTH = {"q21": "अडचण नाही", "q22": "सूचना नाही", "q23": "आणखी काही नाही"}
```

‘नाही’ हे थकलेल्या सर्वेक्षकाने टाकलेलं नाही ना, हे पाहायला ६४ नुसते ‘नाही’ प्र. १२ शी (‘पाणी रोज येतं का?’) ताडले. ५१ घरांत पाणी रोज येतं. १३ घरांत रोज येत नाही, तरी अडचण ‘नाही’. या १३ ना हात लावला नाही. स्वतःची विहीर असलेल्या घराला नळ एक दिवसाआड आला तरी चालतो. माणूस अडचण नाही म्हणत असेल तर आपण ती त्याच्या नावावर लावायची नाही. फक्त त्यांची वेगळी यादी करून ठेवली.

`NA` ची ६३ उत्तरं मात्र भरताडात ठेवली. ‘अडचण नाही’ की ‘विचारलंच नाही’ की ‘लागू नाही’, हे सर्वेक्षकांनाही सांगता येईना.

१९ मार्च

नियम झाले, आता माणसाने वाचायची पाळी. नियमांनी भरताड ठरवलेली १५० आणि खरी ठरवलेली १५० उत्तरं सरमिसळ काढली, कोणती कुठली हे झाकलं, आणि सहकारी आणि मी वेगवेगळ्या खोलीत बसून वाचली. दोन तास लागले.

भरताड ठरवलेल्यांत तीन चुकीची निघाली. तिन्ही आकडे: `11`, `११`, `15`. एकाच अक्षराची पुनरावृत्ती आणि नंतर घातलेला ‘नुसते आकडे’ या नियमांत ती अडकली होती. सहकारी त्याच भागातला. तो लगेच म्हणाला, “अहो, अकरा दिवसांनी पाणी येतं तिथं.” गाव पाहिलं, बरोबर होतं. आता आकडे नियमाने काढत नाही, हाताने वाचते. सगळ्या फाइलमध्ये नुसते आकडे असलेली चौदाच उत्तरं होती, वाचायला दहा मिनिटं. त्यांतले दोन दहा आकडी फोन नंबर होते, ते भरताड म्हणून काढले आणि फाइलमधूनही पुसले.

खऱ्यांत पाच शंकास्पद निघाली. ‘ok’ आणि ‘test’ सरळ भरताड, यादीत घातली. ‘चालतंय’ वर आमचं एकमत होईना. ते ‘अडचण नाही’ आहे की ‘काय बोलायचं’ आहे? आणि दोन ठिकाणी होतं ‘काय सांगायचं आता’. सहकारी म्हणाला, भरताड. मला ते पटलं नाही. `nnn` टाकणाऱ्याच्या मागे माणूस दिसत नाही, ‘काय सांगायचं आता’ म्हणणारी बाई समोर बसलेली दिसते. पण त्यातून थीम निघत नाही हेही खरं. शेवटी ‘माहीत नाही किंवा अर्थ लागत नाही’ असा वेगळा गट केला आणि ही तिन्ही त्यात ठेवली.

२१ मार्च

प्र. २१ चा हिशोब असा लागला. अडचण सांगितली १,००३. अडचण नाही १२१. माहीत नाही किंवा अर्थ लागत नाही २४. भरताड २२६. रिकामं ३८. बेरीज १,४१२, जुळली. भरताडाचे तुकडेही लिहून ठेवले: `n` वाली ९७, चिन्हं ५८, `NA` वाली ६३, इतर ८.

आता प्रश्न उरला भागायचं कशाने. ‘अनियमित किंवा न येणारं पाणी’ ४१२ घरांनी सांगितलं. १,४१२ ने भागलं तर २९.२ टक्के, अडचण सांगणाऱ्या १,००३ ने भागलं तर ४१.१ टक्के. पहिल्या भागाकारात `nnn` टाकलेलं घर म्हणजे ‘पाणी नियमित येतं’ असं म्हटलेलं घर धरलं जातं. दुसऱ्यात ज्यांना त्रास नाही त्यांना वगळलं जातं. ज्यांनी अर्थपूर्ण उत्तर दिलं ती सगळी घरं, अडचण आहे म्हणणारी आणि नाही म्हणणारी, १,१२४. त्याने भागलं: ३६.७ टक्के. हाच आकडा अहवालात गेला, शेजारी ‘१,१२४ घरांपैकी’ असं लिहून, आणि खाली शेवटच्या टोकाच्या दोन गावांतली ८१ उत्तरं हरवल्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे, ही ओळ टाकून. वरिष्ठांना ती ओळ नको होती, अहवाल कमकुवत दिसतो म्हणाले. वहीतल्या पानाचा फोटो दाखवला. ओळ राहिली.

२६ मार्च

पुढच्या तालुक्याचा फॉर्म बदलला. मोकळ्या प्रश्नाची सक्ती काढली, तीन अक्षरांची अट काढली. त्याआधी एक छोटा निवडीचा प्रश्न घातला: ‘अडचण सांगितली / अडचण नाही / माहीत नाही / उत्तर द्यायचं नाही’. पहिला पर्याय निवडला तरच लिहायची जागा उघडते. टाइप करता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करायचं बटण दिलं, आणि त्याआधी घरातल्या माणसाची परवानगी विचारायची ओळ. प्रशिक्षणाच्या दिवशी प्रत्येक सर्वेक्षकाने स्वतःच्या फोनवर ‘पाणी गढूळ येतं’ हे वाक्य मराठीत टाइप करून दाखवायचं, दाखवता आलं नाही तर तिथेच कीबोर्ड बसवायचा. अकरापैकी चार फोनवर तो बसवावा लागला.

२९ मार्च, शनिवार

एका गावात ४० घरांची चाचणी झाली. `nnn` एकही नाही, टिंब एकही नाही. ‘अडचण नाही’ सहा, ‘उत्तर द्यायचं नाही’ तीन. एकतीस उत्तरं, त्यांतली नऊ आवाजात. ती ऐकून लिहून काढायला मला सव्वा तास लागला. उद्या पाडवा आहे, सोमवारी उरलेल्या गावांची वाटणी करायची.